फ्लॅटच्या दाराला चॅनेल गेट की ग्रीलचा दरवाजा? राजारामपुरीतल्या एका दाराचा हिशेब

आत्याचा फ्लॅट कोल्हापुरात राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. उन्हाळ्यात दुपारी मुख्य दार उघडं ठेवलं की गॅलरीतून आलेला वारा थेट जिन्यापर्यंत जातो आणि घर गार राहतं. पण दिवसभर ती एकटीच घरात, त्यामुळे बाहेरून जाळीचं काहीतरी हवंच होतं. उद्यमनगरात दोन फॅब्रिकेटरांकडे गेलो. एकानं सरकणारं चॅनेल गेट सुचवलं, दुसऱ्यानं बिजागरीवरचा ग्रीलचा दरवाजा. दोघांचं म्हणणं आपापल्या परीनं बरोबर होतं, म्हणून घरी येऊन टेप काढली.

दाराची बाहेरची मोकळी जागा ४२ इंच रुंद, आणि दारासमोरचा पॅसेज ४८ इंच. मुख्य दार आत उघडतं, त्यामुळे बाहेरचा दरवाजा बाहेरच उघडणार. अख्खा ४२ इंचांचा एक पल्ला उघडला तर पॅसेजमध्ये जेमतेम ६ इंच उरतात. वरच्या मजल्यावरचे लोक त्याच वाटेनं खाली उतरतात. आग लागली आणि धावपळ झाली तर असा पल्ला सगळ्यांचीच वाट अडवेल, आणि सोसायटीनं हरकत घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल. इथे चॅनेल गेट सरस ठरतं, कारण ते पॅसेजमध्ये एक इंचही येत नाही.

मात्र ते स्वतःच्या चौकटीतली जागा खातं, आणि ते कुणी आधी सांगत नाही. उभ्या चॅनेल पट्ट्या साधारण ४ इंचांवर असतात, म्हणजे ४२ इंचांत अकराच्या आसपास. प्रत्येकीची रुंदी पाऊण इंच. गेट पूर्ण दाबलं तरी त्यांचा साडेआठ-नऊ इंचांचा गठ्ठा एका बाजूला उभा राहतो आणि ये-जा करायला ३३ इंच मिळतात. सिलिंडर, वॉशिंग मशीन सहज जातं. मोठा फ्रिज हात सोलून जातो. सोफा अडकतो.

आता हवा. चॅनेल गेटच्या कैचीतून वारा उत्तम येतो, पण त्याच्यासोबत डासही येतात. गेट घडी होत असल्यामुळे त्याला मच्छरजाळी बसवता येत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी सहानंतर मग मुख्य दार लावावंच लागतं, आणि वाऱ्यासाठी केलेला खर्च अर्धा वाया जातो. ग्रीलच्या दरवाजाला आतून स्टीलची जाळी बसते. जाळीमुळे वारा थोडा कमी होतो हे खरं, आणि धूळ भरली की आणखी कमी होतो. म्हणून ती वेगळ्या फ्रेममध्ये स्क्रूवर घ्यावी, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी काढून नळाखाली धरता येते. वेल्ड करून कायमची बसवलेली जाळी पुढे कुणी धूत नाही.

कुलपाकडे मात्र नीट बघा, कारण माझ्या मते दोन्ही प्रकारांत खरी चूक इथेच होते. आमच्या जुन्या घरी चॅनेल गेट होतं. कडी-कोयंडा आणि आतून साधं कुलूप. किल्ली खिळ्याला अडकवलेली असायची. एका रात्री शेजारच्या स्वयंपाकघरातून धूर यायला लागला, सगळे खाली पळाले आणि आमच्या खिळ्यावर किल्ली नव्हती. धाकट्यानं ती खेळताना घेतली होती. ती सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली असतील. धूर भांडं जळल्याचा निघाला, पण ती मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: रात्री आतून जे लावायचं ते किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आतून मूठ फिरवायची, बाहेरून किल्ली, असं लॅच घ्यावं. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप घेऊ नये.

पण आतून मूठ असली की लगेच दुसरा प्रश्न येतो: जाळीतून हात घालून बाहेरचा माणूसही ती फिरवू शकतो. चॅनेल गेटच्या चौकोनातून मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत आत जातो, आणि त्यामागे पत्रा लावला तर गेट घडी होत नाही. म्हणूनच तिथे लोक आतून कुलूप लावतात. ग्रीलला हा प्रश्न सुटतो. मुठीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून अडीच ते साडेचार फुटांच्या पट्ट्यात, पल्ल्याच्या पूर्ण रुंदीला छिद्रांचा पत्रा मारून घ्यायचा. हात जात नाही, वारा जातो. नुसती लॅचभोवती वितभर पट्टी पुरत नाही, कारण हात तिला वळसा घालून पोचतो. दुकानातच पलीकडे उभं राहून स्वतःचा हात घालून बघा.

लहान मूल असेल तर चॅनेल गेटबद्दल आणखी एक गोष्ट: गेट मिटताना कैचीच्या पट्ट्या एकमेकींवर येतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेलं बोट चेंगरतं.

तरीही चॅनेल गेटच करायचं ठरलं, तर सगळं काम ट्रॅकवर अवलंबून आहे. खालची टी-पट्टी उंबऱ्याच्या बाहेर फरशीत खाच पाडून बसवतात. नुसती फरशीवर ठोकली तर तिचा उभा कणा रोज पायाच्या बोटाला लागतो. खाचेत बसवली की पाणी साचतं. आपल्याकडे पॅसेज धुतला जातो, शिवाय पावसाळ्यात ओल्या छत्र्या दारातच टेकतात, त्यामुळे खाचेला एका टोकाला पाणी निघायची वाट ठेवायला सांगा. बसवून झाल्यावर गेट अर्धं उघडून हात काढा. ते आपोआप सरकलं तर ट्रॅक पाणसळीत नाही. फक्त टोकाला जड जात असेल तर वरचा आणि खालचा ट्रॅक एका ओळंब्यात नाहीत. सगळीकडेच जड असेल तर रिव्हेट गंजलेत. तेल रिव्हेटला द्यावं. ट्रॅकला ग्रीस लावलं की त्यात माती बसते आणि बेअरिंग अडकतं.

ग्रीलच्या दरवाजात ट्रॅकचा त्रास वाचतो, पण त्याचं सगळं वजन बिजागरीच्या बाजूच्या भिंतीवर येतं. पक्क्या विटेची भिंत किंवा काँक्रीटचा कॉलम असेल तर अँकर बोल्ट चांगला धरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत तोच बोल्ट काही महिन्यांत ढिला होतो आणि पल्ला खाली घासायला लागतो. लाकडी चौकटीवर स्क्रूनं फ्रेम मारून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. अशा हलक्या भिंतीत आरपार जाऊन आतून आवळलेला लांब बोल्ट किंवा काँक्रीटमध्ये बसवलेला होल्डफास्ट हवा.

आत्याच्या दाराला शेवटी तिसरा मार्ग निघाला: दोन पल्ल्यांचं ग्रील. ४२ इंचांचे २८ आणि १४ असे भाग केले. रोज फक्त २८ इंचांचा पल्ला उघडतो. तो अर्धवट उघडा असला तरी पॅसेजमध्ये २० इंच उरतात. बिजागऱ्या पूर्ण मागे फिरणाऱ्या घेतल्यामुळे तो भिंतीला टेकूनही उभा राहतो. त्यासाठी बेलचं बटण दुसऱ्या बाजूला हलवावं लागलं. छोटा पल्ला आतून वर-खाली टॉवर बोल्टनं बंद असतो, फ्रिज किंवा सोफा न्यायचा तेव्हाच उघडायचा. खालच्या बोल्टपर्यंत हात पोचू नये म्हणून तिथेही छिद्रांचा पत्रा मारला. पॅसेज ४८ ऐवजी ३६ इंचांचा असता तर मी चॅनेल गेटच केलं असतं, आणि डासांसाठी गॅलरीच्या बाजूला जाळी लावून घेतली असती.

रंगाच्या आधी रेड ऑक्साइडचा हात वेल्डिंगच्या सांध्यांवर नीट बसलाय का, ते माल दुकानात असतानाच बघितलं. आमच्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन सांधे कोरडेच राहिले होते. ते भरून घेतले आणि मगच गाडीत चढवलं.