बीडचं सीताफळ: आडतीवर लिलाव की टॅग लावून बॉक्स?

आमच्याकडं लई जणांना वाटतं बीडच्या सीताफळाला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, भेटलं म्हणजे आपल्याला पण भेटलं, पण तसं नसतंय, आधी जीआय-३ए फॉर्म भरून त्या टॅगचा अधिकृत वापरकर्ता व्हावं लागतं, फी ५०० होती ती २०२० पासून फक्त १० रुपये.

आता आडतीवर क्रेट गेला की लिलावात डोळा अन् साईज बघतेत, टॅग कोण विचारतंय? पैसा मात्र लगेच हातात. बॉक्सवर टॅग लावून पुण्यातल्या सोसायटीत थेट दिलं तर बीडच्या नावाला भाव येतो, पण फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतंय (टॅगनं टिकाऊपणा थोडाच वाढतो!), म्हणून ऑर्डर आल्यावरच तोडायचं. मी तर मोठा माल बॉक्समध्ये अन् बारका आडतीवर घालीन.