समुद्राकडची बाल्कनी: मोगरा लावावा की अबोली?

भाची रत्नागिरीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, तेव्हा तिने मला विचारलं, "मावशी, बाल्कनीत पाचच कुंड्या मावतात. मोगरा तर हवाच, पण बाकी काय आणू?" मी तिला म्हटलं, आधी बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते सांग आणि कठड्याच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लाव. बोट खारट लागलं. समुद्रावरून येणारा वारा थेट तिच्या कुंड्यांवर बसत होता, आणि बाल्कनी होती पश्चिमेची.

घाटावरच्या बाल्कनीसाठी लिहिलेले पाण्याचे नियम इथे चालत नाहीत. कोकणात झाडं मरतात ती बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि मरतात ती मुळं कुजून. म्हणून खालचा तक्ता वाचताना उन्हाळ्याच्या रकान्याआधी पावसाळ्याचा रकाना बघा. माझ्या पाहण्यात इथे टिकणारी आणि घरात रोज उपयोगी पडणारी पाचच झाडं घेतली आहेत.

| झाड | ऊन | उन्हाळ्यात पाणी | पावसाळ्यात | खत | ध्यानात ठेवा |
|---|---|---|---|---|---|
| मोगरा | थेट 5-6 तास | रोज सकाळी, कडक मे महिन्यात संध्याकाळीही थोडं | भिंतीकडे सरकवा, माती सुकली तरच पाणी | छाटणीनंतर शेणखत, पुढे महिन्याला मूठभर गांडूळखत | जानेवारीअखेर छाटणी |
| अबोली | सकाळचं 3-4 तास, दुपारी सावली | रोज, माती ओलसर राहील इतकं | आडोशाला ठेवा, बशी काढून टाका | महिन्याला मूठभर गांडूळखत | वाळलेली कणसं कापत राहा |
| कढीपत्ता | 5 तासांपुढे | एक दिवसाआड | पाणी जवळजवळ नकोच | मे आणि ऑक्टोबरमध्ये शेणखत | थंडीत वाढ मंदावते, पाणी कमी करा |
| तुळस | 4-5 तास | रोज थोडं | पावसाची झड लागू देऊ नका | दोन महिन्यांनी अर्धी मूठ | मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा |
| मिरची | 6 तास | रोज | नवं रोप लावू नका | फुलं येण्याआधी आणि नंतर एकदा | ऑक्टोबरमध्ये लावा |

मिरचीचं लगेच सांगून टाकते. जूनमध्ये उत्साहाने रोप आणलं तर फुलं गळतात आणि पानं वळून चुरडा-मुरडा होतो. तेच रोप नवरात्रानंतर लावलं की डिसेंबरात हाताशी मिरच्या असतात. तुळस दोनेक वर्षांनी लाकडासारखी होते, त्यामुळे मंजिऱ्यांचं बी दुसऱ्या कुंडीत टाकून ठेवा.

खरी निवड आहे ती मोगरा आणि अबोली यांच्यात. दोन्ही वेणीतली फुलं, पण स्वभाव उलटे. मोगऱ्याला ऊन हवं आणि मधूनच ताणही हवा. जानेवारीच्या शेवटी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं काढायची, वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत मिसळायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. म्हणून छाटणी चुकली की झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं मात्र चारच. एक बहर संपला की टोकं पानांच्या दोन जोड्यांपर्यंत खुडली, तर दुसरा बहर येतो. नुसतं नत्राचं खत जास्त झालं तरी तोच परिणाम, पानंच पानं.

अबोलीला असं काही लागत नाही. तिला हवेतला दमटपणा मानवतो, आणि तो इथे फुकट मिळतो. तिला दुपारचं ऊन सोसत नाही, पानं फिकट पडतात. एक गंमत दाखवते: उन्हाळ्यात वाळलेलं कणीस झाडावर तसंच ठेवा आणि त्यावर पाणी शिंपडा. बोंडं टपटप फुटतात आणि बिया उडून शेजारच्या कुंडीत पडतात. माझ्याकडे पहिल्या पावसानंतर तुळशीच्या कुंडीत अबोलीची रोपं उगवलेली असतात, ती उचलून लावली की झालं.

दिशेचा हिशोब असा. पूर्वेची बाल्कनी असेल तर अबोली निर्धास्त लावा. पश्चिमेला मोगरा, पण तो कठड्याला न लावता हातभर आत ठेवायचा. दक्षिणेच्या बाल्कनीत फसगत होते. रत्नागिरी 17 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे साधारण 10 मेच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी उत्तरेकडेच झुकलेला असतो. थंडीत उन्हाने भरलेली दक्षिणेची बाल्कनी ऐन मोगऱ्याच्या हंगामात वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. तिथे अबोली बरी.

भाचीने दोन्ही आणले आणि जुलैत फोन आला, "मोगऱ्याची पानं पिवळी पडतायत, रोज पाणी घालतेय." मी विचारलं, पानं मलूल कधी होतात? दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरत असतील तर चिंता नाही, ते उन्हाने होतं. पण सकाळीच मलूल असतील आणि माती ओली असेल, तर मुळं कुजताहेत. तिची माती ओली होती आणि तिला कुबट वास येत होता. कुंडीत नुसती जांभ्याची लाल माती आणि कोकोपीट भरलं होतं. लाल माती पावसाने दाबून घट्ट बसते आणि कोकोपीट पाणी धरून ठेवतं. आम्ही रोप काढलं, काळी, मऊ झालेली मुळं कापली, फांद्याही थोड्या कमी केल्या. मग बारा इंची कुंडीच्या तळाच्या भोकांवर खापऱ्या मांडल्या, त्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे टाकले. वर दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग नदीची रेती असं मिश्रण भरलं. समुद्राची रेती घालू नका, तिच्यात मीठ असतं. पंधरा दिवस पाणी फक्त बोटाचं दुसरं पेर कोरडं लागलं तरच. नवा फुटवा यायला तीन आठवडे लागले.

त्याच बाल्कनीत अबोलीची मात्र उलट अडचण निघाली. ती स्लॅबखाली भिंतीशी होती, तिच्यापर्यंत पाऊस पोचतच नव्हता आणि "पाऊस पडतोय" म्हणून तिला पाणी घालायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेर धो धो पाऊस आणि आत कुंडी खडखडीत. म्हणून पावसाळ्यातही प्रत्येक कुंडीत बोट घालून बघावं. कठड्याशी असलेली आणि भिंतीशी असलेली कुंडी, दोघींचा पाऊस वेगळा असतो.

खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा टोकापासून करपतात. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पानं साध्या पाण्याने धुवा, फार फरक पडतो. खताचं म्हणाल तर जून ते ऑगस्ट थांबाच. जोराच्या पावसात भोकांतून खत वाहून जातं. मेच्या मध्याला एकदा आणि घटस्थापनेच्या सुमारास पुन्हा सुरुवात करावी. ताजी मासळी धुतलेलं पाणी आपल्याकडे झाडांना घालतात. मीठ न लागलेलं असेल तर दुप्पट पाणी मिसळून कढीपत्त्याला घाला. मोगऱ्याला बहराच्या दिवसांत नको, पानं वाढतात आणि फुलं कमी येतात. सुक्या मासळीचं पाणी कुठल्याच झाडाला नको.

कढीपत्त्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी झाली, तर खत घालायच्या आधी कुंडीचं भोक बुजलंय का ते काडीने तपासा. पावसाळ्यात दहापैकी आठ वेळा तिथेच गाठ असते.