बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला बॅकअप: डिझेल जनरेटर की हायड्रोजन फ्युएल सेल?

तासगाव पट्ट्यातलं एखादं मध्यम कोल्ड स्टोरेज घ्या. वीज गेली की चार तास ३० किलोवॉट लोड चालवायचा, म्हणजे १२० युनिट. एवढ्यासाठी डिझेल जनरेटर घ्यायचा की हायड्रोजन फ्युएल सेल?

इंजिनात इंधन जळतं, त्या उष्णतेतून दाब, दाबातून फिरणं आणि फिरण्यातून वीज मिळते. फ्युएल सेलमध्ये जळणं नाहीच. ॲनोडवर प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजन फुटतो:

H₂ → 2H⁺ + 2e⁻

प्रोटॉन मधल्या पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना पडदा वाट देत नाही, म्हणून ते बाहेरच्या तारेतून फिरून येतात, आणि तीच आपली वीज. कॅथोडवर हवेतला ऑक्सिजन दोघांनाही भेटतो:

O₂ + 4H⁺ + 4e⁻ → 2H₂O

पहिली क्रिया दोनदा घेऊन दोन्हींची बेरीज केली की एकूण क्रिया मिळते:

2H₂ + O₂ → 2H₂O

हायड्रोजन इंजिनात जाळला तरी एकूण क्रिया हीच. पण तिथे ज्वाला इतकी तापते की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो (N₂ + O₂ → 2NO). त्यामुळे 'हायड्रोजनवर चालणारं इंजिन, धुराड्यातून फक्त पाणी' हा दावा अर्धाच खरा.

कागदावर एका सेलचा व्होल्टेज १.२३ असतो, लोडखाली तो ०.७ च्या आसपास उतरतो. म्हणून शंभरेक सेल एकापुढे एक जोडावे लागतात. हवेचा कॉम्प्रेसर आणि पंप यांचा खर्च वजा जाता एका किलो हायड्रोजनमधून साधारण १६ युनिट हाती येतात. डिझेल जनरेटर बऱ्या लोडवर लिटरला ३.२ युनिटच्या आसपास देतो. म्हणजे आपल्या चार तासांसाठी ३७-३८ लिटर डिझेल किंवा साडेसात किलो हायड्रोजन. साडेसात किलो ऐकायला हलकं वाटतं, पण १५० बारच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये जेमतेम अर्धा किलो गॅस बसतो. पंधरा सिलिंडर लागतील, आणि ते रिकामे झाले की पुन्हा पंधरा मागवायचे. डिझेल मात्र कॅनमध्ये आणता येतं.

फ्युएल सेलची जमेची बाजू कमी लोडवर दिसते. रात्री फक्त पंखे चालू असताना डिझेल इंजिन थंडच राहतं, अर्धवट जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये साठतं आणि लिटरमागे युनिट घटतात. फ्युएल सेलची कार्यक्षमता अशा वेळी उलट वाढते.

पण बेदाण्याच्या जागेत खरी अडचण इंधनाची नाही, हवेची आहे, आणि कोटेशनमध्ये ती सहसा दिसत नाही. बेदाण्याला रंग राखायला गंधकाची धुरी देतात. तिचा सल्फर डायऑक्साइड कॅथोडच्या प्लॅटिनमवर चिकटून बसतो आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. कूलिंगला अमोनियाचा प्लँट असेल तर बारीकशी गळतीही नडते: अमोनिया पडद्यातले प्रोटॉन पकडून अमोनियम बनवतो आणि प्रोटॉनची वाट अडते. एवढ्याशा वासाने डिझेल इंजिनाचं काहीच बिघडत नाही. फ्युएल सेल घ्यायचाच असेल तर हवा धुरीच्या खोलीपासून आणि प्लँटरूमपासून लांबून घ्या, आणि धुळीच्या फिल्टरमागे रसायनं शोषणारा कार्बन फिल्टर बसवा. साध्या फिल्टरला वायू अडत नाहीत.

बिघाड ओळखायला सेलनिहाय व्होल्टेज बघावा. एखाददुसऱ्या सेलचा व्होल्टेज एकदम पडला आणि पर्ज केल्यावर, म्हणजे गॅसचा झोत सोडून आतलं पाणी बाहेर ढकलल्यावर, सावरला, तर आत पाणी साचलंय. तेवढ्याच लोडवर सगळ्याच सेलचा आठवड्यागणिक हळूहळू उतरत गेला आणि पर्जने फरक पडला नाही, तर आधी हवेवर संशय घ्या.

उन्हाळ्यात आणखी एक भर. इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेलची जवळपास सगळी पाण्यातून काढावी लागते आणि ते पाणी ६०-८० अंशांचंच असतं. सांगलीच्या चाळीस अंशांच्या दुपारी त्याला तेवढ्याच क्षमतेच्या इंजिनापेक्षा मोठा रेडिएटर लागतो. शिवाय कूलिंगचा कॉम्प्रेसर सुरू होताना बसणारा झटका सेल एकटा पेलत नाही, सोबत बॅटरी लागतेच. हायड्रोजन वर जाऊन छताखाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या शेडला वरच्या अंगाला उघडी जाळी ठेवा.

प्रदूषणाचा हिशेब हायड्रोजन कुठून आला यावर ठरतो. ३७-३८ लिटर डिझेलमधून सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन असेल तर त्याच कामाला साधारण ७० किलो निघतो, फक्त कारखान्यात. छतावरच्या सोलरवर स्वतः हायड्रोजन करायचा म्हटलं तर किलोला पन्नासेक युनिट घालून सोळा परत मिळतात. चार तासांसाठी तेच युनिट सरळ बॅटरीत भरलेले बरे.

दराची कसोटी सोपी आहे: वाहतूक आणि सिलिंडरचं भाडं धरून एक किलो हायड्रोजन पाच लिटर डिझेलपेक्षा स्वस्त पडला, तरच इंधनात बचत आहे. तोवर अशा जागी डिझेलच ठेवावं, आणि रात्रीच्या हलक्या लोडपुरती बॅटरी जोडावी.