प्रशिक्षकासाठी अहवाल: सरासरीचा तक्ता करावा की एकेक फॉर्म वाचावा?

प्रशिक्षण संपलं, फॉर्म भरून आले, आणि प्रशिक्षकाला पुढच्या बॅचआधी एका पानात सांगायचंय की काय बदलावं. इथे बहुतेक समन्वयकांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढायची आणि खाली शेरे उतरवून द्यायचे. दुसरी म्हणजे कुठल्या गुणाला किती जण आहेत हे मोजायचं आणि प्रत्येक शेरा त्याच माणसाने दिलेल्या गुणांशेजारी ठेवून वाचायचा. पहिलं काम अर्ध्या तासात होतं, दुसऱ्याला एखादी दुपार लागते. माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. का, ते एका नमुन्यावर दाखवतो.

समजा, कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचं एक्सेल प्रशिक्षण झालं. ३० जण आले, २४ जणांनी फॉर्म भरला. गुण १ ते ५. ‘दिलेलं साहित्य उपयोगी होतं’ या प्रश्नाची सरासरी ३.५, आणि ‘शिकवण्याचा वेग योग्य होता’ याचीही ३.५. सरासरीचा तक्ता पाहून प्रशिक्षक म्हणणार, दोन्ही गोष्टी ठीकठाक आहेत, थोड्या सुधारू.

आता मोजणी करा. शीटमध्ये वेगाचे गुण C स्तंभात असतील, तर एवढं पुरतं:

```
=COUNTIF(C2:C25,5)
```

शेवटचा आकडा ५ पासून १ पर्यंत बदलत जा, आणि साहित्याच्या गुणांच्या स्तंभावरही हेच करा. साहित्याच्या प्रश्नाला २, १०, १०, २ आणि ० जण निघतात. म्हणजे बहुतेकांचं मत मधलंच. वेगाच्या प्रश्नाला मात्र १०, ४, १, ६ आणि ३. वर्ग सरळ दोन गटांत फुटलाय. ९ जणांना वेग झेपला नाही आणि १० जणांना तो अगदी हवा तसा वाटला. सरासरीने हे पूर्ण झाकलं होतं.

पण खरी किल्ली शेऱ्यांत आहे. सरासरीच्या अहवालात शेरे एकाखाली एक येतात: ‘फार घाई झाली’, ‘मस्त शिकवलं’, ‘पिव्होट टेबल डोक्यावरून गेलं’. ते वाचून प्रशिक्षक गोंधळतो किंवा नुसता दुखावतो. तेच शेरे फॉर्मच्या ओळीत ठेवून वाचले तर चित्र बदलतं. वेगाला १ किंवा २ देणाऱ्या ९ जणांपैकी ७ जणांनी काही लिहिलंय, आणि त्यातल्या ५ जणांचं बोट दुसऱ्या दिवशीच्या पिव्होट टेबलवर आहे. ‘आधी एक्सेल किती वापरता?’ या प्रश्नाला ९ पैकी ८ जणांनी ‘क्वचित’ म्हटलंय. तेव्हा सगळ्यांसाठी वेग कमी करणं हा उपाय नव्हे. त्याने रोज एक्सेल वापरणारे कंटाळतील. क्वचित वापरणाऱ्यांना आठवडाभर आधी सरावाची फाइल पाठवणं हा बदल करून पाहण्यासारखा आहे. पूर्वानुभवाचा प्रश्न फॉर्मात नसेल, तर पुढच्या वेळी तो आधी घाला. त्याच्याशिवाय या वाचनाचा निम्मा फायदा जातो.

दोन ठिकाणी पाय घसरतो. सगळीकडे १ देऊन खाली ‘अतिशय उत्तम’ लिहिणारा माणूस सापडला, तर त्याने मोजपट्टी उलटी वाचलीय हे जवळपास नक्की. असा फॉर्म मोजणीतून बाजूला ठेवा आणि तसं अहवालात लिहा. सरासरीच्या तक्त्यात ही चूक कधीच दिसत नाही. दुसरं म्हणजे ओळख. एवढ्या लहान वर्गात ‘लेखा विभागात आम्ही वेगळी फाइल वापरतो’ हे वाक्य कुणाचं, ते प्रशिक्षकाला लगेच कळतं. म्हणून शेरा जसाच्या तसा न देता त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत मांडा. टक्केवारीही टाळा; ‘३८ टक्के’पेक्षा ‘२४ पैकी ९’ प्रामाणिक आहे.

सरासरीचा उपयोग नाही असं नाही. तोच अभ्यासक्रम, तोच फॉर्म आणि वर्षाला बऱ्याच बॅच असतील, तर कुठली बॅच वेगळी पडली हे ती चटकन दाखवते. वरिष्ठांना तेवढंच पुरतं. प्रशिक्षकाला मात्र असा परिच्छेद द्या:

‘वेगाबद्दल वर्ग दुभंगला: २४ पैकी १० जणांचे ५ गुण, ९ जणांचे १ किंवा २. अडचण मुख्यतः पिव्होट टेबलच्या सत्रात आणि एक्सेल क्वचित वापरणाऱ्यांना. सूचना: त्यांना सरावाची फाइल आधी पाठवावी, सत्राची रचना तीच ठेवावी. ६ जणांनी फॉर्म भरलेला नाही, त्यांचं मत माहीत नाही. पिव्होट टेबल प्रत्यक्ष किती जमतं हे या फॉर्मवरून कळत नाही. त्यासाठी सत्राच्या शेवटी एक छोटं उदाहरण सोडवायला द्यावं.’