वहीतल्या बीपी-शुगरचे फोटो डॉक्टरांपुढे कसे न्यायचे: हाताने आढावा, शीट की गूगल लेन्स?

गावाकडून आईने वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, आठवड्याने डॉक्टरांची भेट आहे. फोटो जसेच्या तसे दाखवले, तर डॉक्टर फार तर शेवटच्या पाच-सहा ओळी वाचतात, आणि त्या ओळी नेमक्या चांगल्या दिवसांच्या असू शकतात. त्यामुळे आकडे आधी कुठेतरी उतरवून घ्यावे लागतात. त्याचे तीन मार्ग आहेत: कागदावर हाताने, गूगल शीटमध्ये टाइप करून, किंवा गूगल लेन्सने फोटोतला मजकूर उचलून. निवड करताना वेळ किती वाचतो यापेक्षा चूक कुठे शिरते आणि ती तुम्हाला दिसते का, हे बघा.

एक नमुना घेऊ. वय ६४, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, दर सोमवारी उपास. शेवटच्या सात दिवसांचं सकाळचं, गोळीआधीचं बीपी असं आहे: १४८/८८, १४४/८४, १५०/८६, १४२/८६, १४६/८४, १५२/९०, १४०/८४. संध्याकाळचं: १२८/७८, १२६/७४, १३२/७८, १२४/७४, १३०/७६, १२८/७६, १२८/७६. सगळ्यांची मिळून सरासरी १३७/८१ येते. घरी मोजलेल्या बीपीसाठी १३५/८५ ही रेषा धरतात, म्हणजे हा आकडा पाहून कुणीही "थोडंसंच जास्त आहे" म्हणेल. पण वेळ वेगळी काढली की सकाळची सरासरी १४६/८६ आणि संध्याकाळची १२८/७६ निघते. डॉक्टरांना हवी असलेली गोष्ट ही आहे. गोळीचा असर सकाळपर्यंत पुरत नाही का, की सकाळचं बीपी चहानंतर लगेच किंवा पाच मिनिटं शांत न बसता मोजलं जातं, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

शुगरमध्ये सरासरी आणखी फसवते. पंधरवड्यात उपाशीपोटीची शुगर १२६ ते १४० आहे, जेवणानंतर दोन तासांची १६८ ते १९०. दोन्ही सोमवारी दुपारी चारच्या सुमारास मात्र ६४ आणि ६६, शेजारी बारीक अक्षरात "घाम, हात थरथर". हे दोन आकडे सरासरीत टाकले तर सरासरी खाली येते आणि कागदावर शुगर सुधारल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ग्लिमेपिराइड घेऊन उपास केल्याने शुगर पडतेय. ७० च्या खालचा प्रत्येक आकडा म्हणूनच सुटा लिहायचा: तारीख, वेळ, काय खाल्लं होतं, काय झालं.

कागदावर हाताने. तीसेक रीडिंगपर्यंत हाच मार्ग चांगला. चार रकाने आखा: सकाळचं बीपी, संध्याकाळचं बीपी, उपाशीपोटी, जेवणानंतर. फोटो मोठा करून एकेक आकडा त्या त्या रकान्यात उतरवा. उतरवताना समासातल्या नोंदी आपोआप वाचल्या जातात, आणि "घाम, थरथर" असं लिहिलेलं सुटत नाही. चूक होते ती बेरजेत. ती कॅल्क्युलेटरवर दोनदा केली की सापडते. दोन-तीन महिन्यांच्या वहीला मात्र हा मार्ग पुरत नाही, डोळे थकतात आणि ओळी गाळल्या जातात.

गूगल शीट. वही एका महिन्यापेक्षा मोठी असेल, किंवा दर तीन महिन्यांनी भेट असेल, तर सरळ शीट घ्या. रकाने असे: A तारीख, B वेळ, C वरचं बीपी, D खालचं बीपी, E शुगर, F नोंद. वरचं आणि खालचं बीपी एकाच खान्यात १३०/८० असं टाकू नका. त्याची सरासरी निघत नाही. B मध्ये दरवेळी तेच शब्द हवेत, एकदा "संध्याकाळ" आणि एकदा "सायंकाळ" लिहिलं तर ती ओळ हिशोबातून गुपचूप गळते. अंक इंग्रजी टाका.

```
=AVERAGEIFS(C:C,B:B,"सकाळ")
=AVERAGEIFS(C:C,B:B,"संध्याकाळ")
=COUNTIF(E:E,"<70")
```

शुगरच्या ओळींना B मध्ये "उपाशी" किंवा "जेवणानंतर" लिहा, म्हणजे त्याच सूत्रात C ऐवजी E आणि "सकाळ" ऐवजी तो शब्द घालून काम होतं.

गूगल लेन्स. टाइप करणं वाचतं, आणि स्वच्छ छापील मजकुरावर ते उत्तम चालतं. हाताने लिहिलेल्या वहीत अडचण वेगळी आहे. तिरकी रेघ १ समजली जाते आणि १३०/८० चं १३०१८० होतं; ही चूक निदान डोळ्यांत भरते. खरी धोक्याची ती, जी खरी वाटते. १२४ मधला २ जरा सरळ लिहिला असेल तर १७४ वाचलं जातं. वरच्या नमुन्यात एवढी एक चूक संध्याकाळची सरासरी १२८ वरून थेट १३५ वर नेते. देवनागरी अंकांत १ आणि ९ ची अशीच गफलत होते. शिवाय आखलेल्या रकान्यांचा क्रम मोडतो, आणि जेवणानंतरचा आकडा उपाशीपोटीच्या खाली जाऊन बसतो.

लेन्स वापरायचंच असेल तर ते फक्त टाइपिंगच्या जागी वापरा. मग एकाने फोटोवरून आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने शीटमध्ये बघायचे. वरच्या-खालच्या बीपीतला फरक २५ पेक्षा कमी किंवा ८० पेक्षा जास्त आला, तर ती ओळ फोटोत पुन्हा पाहा. फोटोत वाचताच येत नसेल तर अंदाज न बांधता जागा रिकामी ठेवा आणि घरी फोन करा. हे सगळं करूनही वेळ वाचतो का, हे वहीच्या अक्षरावर ठरतं. गिचमीड अक्षराला आमचं मत टाइप करण्याच्या बाजूने.

तिन्ही मार्गांना फोटो नीट लागतो. वही टेबलावर सपाट, उजेड खिडकीचा, फोन पानाच्या बरोबर वर, एका फोटोत एकच पान. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं, म्हणून तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

आकडे उतरवताना आणखी एक खूण दिसेल. ओळीमागून ओळ १३०/८०, १२०/८०, १४०/९० अशी शून्यावर संपत असेल, तर रीडिंग गोल करून लिहिली जाताहेत. अशा वेळी मशीनच्या मेमरीतले आकडे घ्या. त्याआधी मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे ना, ते तपासा.

डॉक्टरांच्या हातात द्यायचा कागद अर्ध्या पानाचा असावा. नमुन्याचा असा होतो:

वय ६४. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड (प्रत्येकाचा डोस आणि वेळ).
बीपी, ७ दिवस, दंडावरचं मशीन: सकाळी गोळीआधी १४६/८६ (१४०–१५२), संध्याकाळी १२८/७६ (१२४–१३२).
शुगर, १४ दिवस: उपाशी १२६–१४०, जेवणानंतर दोन तासांनी १६८–१९०.
७० च्या खाली: दोनदा, ६४ आणि ६६, दोन्ही सोमवारी उपासाला, दुपारी ४, घाम आणि थरथर.
चुकलेल्या गोळ्या: नाहीत.
विचारायचं: उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या? सकाळचं बीपी का जास्त?

निष्कर्ष किंवा डोसची सूचना या कागदावर लिहू नका, आणि मूळ फोटो फोनमध्ये तयार ठेवा. एखादा आकडा विचित्र वाटला तर डॉक्टर तोच मागतील.

काही ओळी मात्र भेटीपर्यंत थांबत नाहीत. शुगर ७० च्या खाली गेली तर माणूस शुद्धीत असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बीपी १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं असेल तर वही राहू द्या, थेट दवाखाना गाठा.