ऑपरेशन्स क्विझची प्रश्नपेढी सात महिने वापरल्यावर: कंट्रोल लिमिट आणि टॉलरन्सचा घोळ कुठे सुटला आणि कुठे नाही

मी भोसरीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे आणि नोकरी करत करत ऑपरेशन्सचा डिप्लोमा करतेय. सात महिन्यांपूर्वी मोबाइलवर चालणारी एक पेड प्रश्नपेढी घेतली, नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारीही करणार आहे. रोज बसमध्ये वीस-पंचवीस प्रश्न व्हायचे. क्वालिटीचा विभाग मी तीनदा पूर्ण केलाय त्यामुळे लिहितेय ते फक्त त्या विभागाबद्दल, इन्व्हेंटरी आणि शेड्युलिंगवाले प्रश्न मी फारसे बघितले नाहीत.

आधी सगळ्यात मोठा फायदा सांगते. पहिल्या महिन्यात माझे सतत चुकणारे प्रश्न एकाच जातीचे होते. प्रश्नात लिहिलेलं असायचं की कंट्रोल चार्टवरचे सगळे पॉइंट लिमिटच्या आत आहेत, कुठलाही पॅटर्न नाही, तरी गिऱ्हाईक माल परत पाठवतंय, तर यातून काय निष्कर्ष निघतो? मी दरवेळी "प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही" वर टिक करायचे. बरोबर उत्तर असतं "प्रोसेस स्थिर आहे पण सक्षम नाही". आठ वर्षं मायक्रोमीटर हातात धरलेल्या बाईला हे पाठ करून डोक्यात जात नव्हतं, म्हणून शेवटी आमच्याच एका बुशचे आकडे घेऊन बसले.

बुशचा बाहेरचा व्यास २५.०० मिमी, टॉलरन्स अधिक-उणे ०.०५. म्हणजे २४.९५ ते २५.०५ चालतं. दर तासाला लागोपाठचे ५ जॉब मोजायचे, असे २० ग्रुप घेतले. सगळ्या सरासऱ्यांची सरासरी आली २५.०१० आणि रेंजची, म्हणजे ग्रुपमधल्या मोठ्या आणि छोट्या मापातल्या फरकाची सरासरी आली ०.०४०. पाचच्या ग्रुपसाठी टेबलमधला ए-टू नावाचा गुणक ०.५७७ असतो, तो रेंजला गुणला की ०.०२३. म्हणून सरासरीच्या चार्टच्या लिमिट झाल्या २४.९८७ आणि २५.०३३. वीसच्या वीस पॉइंट आत, रेंजचा चार्टही शांत. आमचे ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, बघा, ड्रॉइंगच्या लिमिटपासून कितीतरी आत आहे सगळं, मग रिजेक्शन कुठून येतंय?"

तिथेच गोम आहे. चार्टवरचा पॉइंट हा एक जॉब नसतो, पाच जॉबची सरासरी असते, आणि सरासरीत एक मोठा एक छोटा असे एकमेकांना खाऊन टाकतात. एकेका जॉबचा पसारा बघायचा तर रेंजच्या सरासरीला पाचच्या ग्रुपसाठीच्या २.३२६ ने भागायचं, सिग्मा, म्हणजे पसाऱ्याचं माप, येतो ०.०१७२. आता २५.०१० पासून तीन सिग्मा वर गेलो की २५.०६२, म्हणजे वरच्या टॉलरन्सच्या बाहेर! नॉर्मल वितरण धरून हिशोब केला तर साधारण शंभरातला एक जॉब वर जाणार, खालून जवळपास कोणी नाही. सीपीके, म्हणजे प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते ते सांगणारा आकडा, निघतो ०.७७ च्या आसपास, आणि बहुतेक ठिकाणी किमान १.३३ मागतात. तेव्हा मला कळलं की कंट्रोल लिमिट प्रोसेसने स्वतः सांगितलेल्या असतात आणि टॉलरन्स ड्रॉइंगवाल्याने सांगितलेला असतो, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेघा मारणं ही सरळ फसवणूक आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्या लाल रेघा मारलेल्या होत्या. आता नाहीत.

दुसरा प्रश्न ज्याने मला खरंच हलवलं तो कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंटचा. ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि जितका चुकला तितका ऑफसेट, म्हणजे टूल सरकवायची दुरुस्ती, उलटा देतो, याला काय म्हणाल? पर्याय कायझन, पोका-योके, टॅम्परिंग, बेंचमार्किंग. मी आणि माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी कायझन दिलं, कारण वाक्यात "प्रत्येक जॉबनंतर सुधारणा" असं होतं आणि ते वाचून हात आपोआप तिकडे जातो. उत्तर टॅम्परिंग. क्वालिटीचे गुरू डेमिंग नरसाळं आणि गोट्या घेऊन हेच दाखवायचे, नरसाळं हलवलं नाही तर गोट्या एका जागी जमतात, प्रत्येक गोटीनंतर उलटं सरकवलं तर जास्त पसरतात. कारण साधं आहे, या जॉबमधली चूक योगायोगाची होती, ती पुढच्या जॉबला चिकटवली की त्याची स्वतःची चूक अधिक मागच्याची उलटी चूक असे दोन योगायोग एकत्र येतात. व्हेरियन्स, म्हणजे सिग्माचा वर्ग, दुप्पट, म्हणून सिग्मा १.४१ पट. आमच्या बुशच्या आकड्यात बसवलं तर मशीन २५.००० वर नीट मध्यावर असताना हात न लावता हजारात साडेतीन-चार जॉब जातील, आणि प्रत्येक जॉबला ऑफसेट देत बसलं तर हजारात चाळीसच्या आसपास. मेहनत जास्त आणि रिजेक्शन दहापट.

हे काकांना सांगायला मला अवघड वाटत होतं कारण ते पंधरा वर्षं मनापासून हेच करतायत आणि कामचुकार माणूस असं करतच नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, "मग इन्सर्ट झिजतो तेव्हाही हात लावायचा नाही?" इथे प्रश्नपेढीचं स्पष्टीकरण अपुरं आहे, तिथे फक्त "स्थिर प्रोसेसला छेडू नये" एवढी एक ओळ. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टोकाची, झीज हा योगायोग नाही, बाहेरून टर्निंग करताना झिजेबरोबर व्यास हळूहळू एकाच दिशेने वाढत जातो, चार्टवर ती चढण दिसते, आणि तिथे ठरलेल्या जॉबसंख्येनंतर ठरलेला ऑफसेट देणं बरोबरच आहे. टॅम्परिंग म्हणजे कारण नसलेल्या चढउताराला उत्तर देणं. परीक्षेत वाक्यात "स्थिर" किंवा "लिमिटच्या आत" हे शब्द शोधायचे, सापडले तर टॅम्परिंग, आणि "सलग वाढत जातंय" असं असेल तर कारण शोधा हे उत्तर.

मग आमच्या बुशचं काय केलं, तर आधी एकदाच १० मायक्रॉन ऑफसेट देऊन मध्य २५.००० वर आणला. हे स्वस्तातलं काम. पण पसारा तोच राहतो, तो कमी करायला ऑफसेट उपयोगाचा नाही. काकांनीच दाखवलं की जॉब पकडणाऱ्या कॉलेटमध्ये बारीक चिप अडकते आणि जॉब कधी थोडा तिरका बसतो, म्हणून प्रत्येक लोडिंगच्या आधी एअरचा एक फवारा सुरू केला. ते खरं कायझन होतं, एक छोटा कायमचा बदल, जागेवरच्या माणसाने सुचवलेला. आधी रेंजची सरासरी ०.०४० होती, दोन आठवड्यांत ०.०३० च्या आसपास आली आणि रेंजच्या चार्टवर सलग आठ पॉइंट मधल्या रेघेच्या खाली पडले. नवीन इन्स्पेक्टर घाबरून आली, चार्ट बिघडला म्हणून! हाही परीक्षेत येतो: असा रन म्हणजे खास कारण, पण इथे ते चांगलं आहे, त्यामुळे ते पक्कं करायचं आणि लिमिट नव्या आकड्यांवरून परत काढायच्या. जुन्याच ठेवल्या तर नंतर काही खरंच बिघडलं तरी चार्ट बोलणार नाही.

आता तक्रारी. एका प्रश्नाची किल्लीच चुकीची आहे, "अपर कंट्रोल लिमिट म्हणजे ग्राहकाने मान्य केलेलं कमाल माप" हे बरोबर धरलंय. मी कळवलं, दोन महिने झाले, अजून तसंच आहे. ज्या मुलीने कारखाना बघितलेला नाही ती हे पाठ करून जाईल आणि नोकरीच्या मुलाखतीत अडकेल, याचा मला खरंच राग येतो. दुसरं, सलग किती पॉइंट एका बाजूला आले तर इशारा समजायचा, याला कुठे ८ आणि कुठे ९ उत्तर आहे. दोन्ही नियम खरे आहेत, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकात ८ आहे आणि नेल्सनच्या नियमांत ९, पण प्रश्नात कोणाचा नियम ते लिहायला नको का? परीक्षेला जाताना आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातला आकडा बघून जा.

पी चार्ट आणि सी चार्टचे प्रश्न मात्र छान काढलेत. तिथे मी एकच गोष्ट बघते, मोजतोय काय. २०० शर्टपैकी ९ नापास, तर प्रत्येक शर्ट पास किंवा नापास, म्हणून पी. शंभर मीटरच्या कापडाच्या रोलवर किती डाग आहेत ते मोजलं तर सी, कारण एका रोलवर कितीही डाग असू शकतात आणि "डाग नसलेले" मोजता येत नाहीत. रोलची लांबी बदलत असेल तर यू. पर्यायात पी आणि एनपी दोन्ही असतील तर प्रमाण विचारलंय की संख्या विचारलीय ते बघायचं, एनपीला सॅम्पल प्रत्येक वेळी सारखंच लागतं. सिक्स सिग्माचे दशलक्षात ३.४ दोष हे सगळीकडे पाठ करून घेतात, पण त्यात मध्य १.५ सिग्मा सरकेल असं धरलेलं असतं हे या प्रश्नपेढीने तिसऱ्या सेटमध्ये नीट सांगितलंय, मध्य अजिबात न सरकता तो आकडा कितीतरी लहान येतो.

पोका-योकेचे प्रश्न सोपे आहेत, चूक शोधणारं नाही तर चूक होऊच न देणारं किंवा तिथल्या तिथे अडवणारं उत्तर निवडायचं. आमच्याकडे बुश उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरला एक पिन आहे, मला तेवढ्यावरून सगळे प्रश्न सुटतात.

ज्यांनी कधी चार्ट भरलेला नाही त्यांनी ही प्रश्नपेढी घ्यावी पण फक्त तिच्यावर राहू नये, कारण स्पष्टीकरणं एका ओळीची आहेत. वीस ग्रुपचे आकडे स्वतः घ्या, घरचा वजनकाटा आणि पोळीच्या कणकेचे गोळे घेऊनही होतं, मी माझ्या भाचीकडून तसंच करून घेतलं, पाच-पाच गोळ्यांचे वीस ग्रुप, ग्रॅममध्ये वजन. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की एक गोळा जड आला म्हणून पुढचा मुद्दाम हलका करायचा का, आणि लगेच स्वतःच नाही म्हणाली.