जर्सीवरचे जुने नंबर काढायला छोटी हीट प्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या अल्टरेशनच्या दुकानात हातात धरायची छोटी हीट प्रेस आणली ती जर्सीवर नंबर चिकटवायला. आता तिचं निम्मं काम नंबर काढायचं असतं. मंडळाचा खेळाडू बदलतो, जर्सी धडधाकट असते, फक्त पाठीवरचा आकडा नको असतो.

साध्या इस्त्रीनेही हे जमतं, पण जर्सी पॉलिएस्टरची असते. इस्त्रीवरची दोन टिंबं म्हणजे जास्तीत जास्त १५० अंश, आणि पॉलिएस्टरची सोसण्याची हद्दही तीच. त्यात इस्त्रीचं तापमान सारखं वर-खाली होत राहतं. प्रेसवर मी आकडा १४० वर ठेवते. एवढ्या उष्णतेत बहुतेक नंबरांमागचा गोंद मऊ पडतो आणि कापडाला काही होत नाही. तरी आधी आतल्या शिवणीजवळ दहा सेकंद टेकवून बघतेच. तिथे चकाकी आली तर धागे चपटे झालेत, आणि ती चकाकी पुन्हा जात नाही. अशा वेळी आकडा १३० वर आणते.

जर्सी उलटी करायची, नंबराखाली बटर पेपर घालायचा, वर पातळ सुती कापड टाकायचं आणि आतल्या बाजूने दहा-बारा सेकंद शेक द्यायचा. आतून दिल्याने उष्णता गोंदाला आधी लागते. वरून दिली की रबरी थर आधी वितळतो आणि कडा सापडत नाही. मग लगेच चिमट्याने कोपरा उचलून, कापडाला समांतर, हळू ओढायचं. थर ताणून तुटायला लागला तर गोंद अजून गरम झालेला नाही. जोर न लावता पुन्हा शेक द्यायचा. मी एकेक इंच करत पुढे जाते. बटर पेपरवर जर्सीचा रंग उतरलेला दिसला तर तिथेच थांबते.

मागे चिकट गोंद राहतोच. त्यावर जुन्या सुती धोतराचा तुकडा ठेवून शेकते आणि गरम असतानाच उचलते, म्हणजे गोंद तुकड्यात ओढला जातो. दर वेळी तुकड्याची कोरी बाजू घ्यावी लागते.

प्रेसबद्दल तक्रार एकच. तिच्या तळाची कड जड आहे. दाबून धरली की पॉलिएस्टरवर चौकोनी ठसा उठतो. म्हणून खाली घडी केलेला टॉवेल घेते आणि फक्त प्रेसचं वजन पडू देते. भोकाभोकांच्या जाळीदार कापडात मात्र गोंद भोकांत शिरलेला असतो, तो पूर्ण निघत नाही.

सब्लिमेशनची छपाई असेल तर गिऱ्हाइकाला जर्सी परत देते, कारण तो रंग धाग्यातच मुरलेला असतो, सोलायला थरच नसतो. नखाने कड चाचपली की कळतं. आणि जुन्या जर्सीवर आकडा निघाला तरी त्याच्या जागी गडद सावली राहते, कारण भोवतालचं कापड उन्हाने विटलेलं असतं. हे मी आधीच सांगते. नवा नंबर जरा मोठा घेतला तर ती झाकते.